रेस्टिंग पल्स वाढलेला दिसतोय, पण आधी तारखा लावून बघ

"ताई, चार आठवडे प्लॅन नीट पाळला. रेस्टिंग पल्सची आठवड्याची सरासरी 66, 64, 68, 68 अशी आलीय, म्हणजे कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच ना? आणि घड्याळ म्हणतंय की माझा निम्म्याहून जास्त वेळ झोन 4 आणि 5 मध्ये गेला, पण मला तर बहुतेक वेळा आरामात पळतेय असंच वाटतं. अजून हळू पळायचं म्हणजे चालावंच लागेल. वय 38. नेमकं काय चुकतंय?"

तुझा सगळा डेटा काल रात्री बसून बघितला, एकेक रन उघडून, नुसती सरासरी नाही. तुझी फिटनेस कमी झालेली नाही, वाढलीय, आणि ते डेटात दिसतंय सुद्धा, फक्त तू बघतेयस तिथे नाही तर दुसरीकडे दिसतंय. तिथे येतेच, पण आधी रेस्टिंग पल्सचं बघू कारण त्याचीच तुला जास्त काळजी लागलीय.

तू रोजच्या नोंदीत पाळीच्या तारखा लिहिल्यास ते फार बरं केलंस, कारण त्यामुळेच हे कोडं सुटलं. पहिल्या आठवड्याच्या सोमवारी पाळी सुरू झाली आणि आज, म्हणजे पाचव्या आठवड्याच्या सोमवारी, परत सुरू झाली असं लिहिलंयस. म्हणजे तुझे चार आठवडे म्हणजे बरोब्बर एक पूर्ण चक्र. आता आकडे बघ. पहिला आठवडा 67, 67, 66, 66, 66, 65, 65. दुसरा 65, 64, 64, 63, 64, 64, 64. इथपर्यंत छान उतरता. मग तिसऱ्यात 66, 67, 68, 69, 69, 69, 68 आणि चौथ्यात 68, 68, 67, 67, 66, मग शनिवारी एकदम 74, रविवारी परत 66. हा चढ सुरू होतो पंधराव्या दिवशी. बीजांड बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन वाढतं, त्याने शरीराचं तापमान साधारण 0.3 ते 0.5 अंश सेल्सिअसने वर जातं आणि त्याच्यासोबत विश्रांतीचा पल्स सुद्धा बहुतेक बायकांमध्ये 2 ते 4 ने वाढतो, काहींचा अजून जास्त. पाळी जवळ आली की तो परत खाली येतो, तुझा चौथ्या आठवड्यात आलाय तसाच. त्यात ट्रेनिंगचा काही दोष नाही, शरीर आपलं ठरलेलं काम करतंय.

म्हणून माझं म्हणणं असं की पहिल्या आठवड्याला तिसरा-चौथा आठवडा लावायचाच नाही. या महिन्याचा पहिला आठवडा लावायचा पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्याला, तिसरा लावायचा पुढच्या तिसऱ्याला. घड्याळाचं अ‍ॅप हे आपोआप करत नाही, ते सरळ मागच्या आठवड्याशी किंवा मागच्या महिन्याच्या सरासरीशी तुलना करतं आणि लाल बाण दाखवतं, आणि आपण घाबरतो. बहुतेक पुस्तकी प्लॅनमध्ये "चार आठवड्यांनी पल्स तपासा" असं लिहिलेलं असतं ते पुरुषांना ठीक आहे, पण बाईच्या डेटात त्या चार आठवड्यांच्या आत एक आख्खी लाट येऊन जाते, आणि तू ती लाट मोजत बसलीस. तुझी पाळी पुढेमागे होत असती तर आठवड्यांवर न जाता पाळीच्या पहिल्या दिवसापासून दिवस मोजायला सांगितलं असतं, पण तुझं सध्या नियमित आहे तर आठवडे चालतील. आणि कोणी गर्भनिरोधक गोळ्या घेत असेल तर ही लाट वेगळी दिसते किंवा दिसतच नाही, तिला हे जसंच्या तसं लावू नये.

आता तो शनिवारचा 74. तुझ्या नोंदीत शुक्रवारी रात्री "दीराच्या लग्नाची हळद, जेवायला साडेअकरा, झोपायला दीड" असं आहे. एवढं पुरेसं आहे. उशिरा पोटभर जेवलं की पचनासाठी रात्रभर काम चालू राहतं, त्यात झोप चार-साडेचार तास, मग पल्स खाली उतरायला वेळच मिळत नाही. एका रात्रीत वर गेला आणि दुसऱ्या सकाळी 66 ला आला, म्हणजे विषय संपला. तो एक दिवस काढला तर चौथ्या आठवड्याची सरासरी 67 येते. असा एकट्या दिवसाचा उडालेला आकडा मी कधीच मनावर घेत नाही, नोंदीत कारण असेल तर अजिबातच नाही. मी लक्ष देते ते कधी, तर चक्राच्या त्याच टप्प्यातल्या तुझ्या नेहमीच्या आकड्यापेक्षा 5 किंवा जास्त वर, आणि ते लागोपाठ दोन-तीन दिवस, आणि हळद-लग्न-प्रवास असलं काही कारण नसताना. तसं झालं तर बरेचदा घसा दुखायच्या एक-दोन दिवस आधीच पल्सला कळलेलं असतं. त्या दिवशी पळायचं नाही, अर्धा तास चालायचं, आणि ताप असेल तर तेही नाही.

एक मोजण्याबद्दल. घड्याळाचा रेस्टिंग पल्स बरेचदा रात्रीच्या झोपेतून काढलेला असतो, कुठलं घड्याळ सगळ्यात कमी आकडा घेतं, कुठलं ठरावीक वेळेची सरासरी घेतं, त्यामुळे मैत्रिणीच्या घड्याळाचा 58 आणि तुझा 65 यांची तुलना करूच नकोस. तुझं घड्याळ रात्री चार्जिंगला लावलेलं असलं तर ते दिवसा बसलेल्या वेळातून अंदाज काढतं आणि तो आकडा वर येतो, दुसऱ्या आठवड्याच्या सोमवारचा 65 तसाच असावा कारण रविवार रात्रीचा झोपेचा डेटाच नाहीये. हाताने तपासायचं तर जाग आल्यावर, उठून बसायच्या आधी, मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून पूर्ण 60 सेकंद मोज. अंगठ्याने मोजू नको, त्याचा स्वतःचा ठोका लागतो. आणि पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं हे सोपं वाटतं पण तिथे एक ठोका चुकला की उत्तरात चार चुकतात, आणि आपण इथे दोन-तीन ठोक्यांचाच तर फरक शोधतोय. अलार्मने दचकून उठलीस तर दोन मिनिटं तशीच पडून राहा, मग मोज.

आता झोन. इथे खरी गडबड आहे, आणि ती तुझ्या पायात नाही, सेटिंगमध्ये आहे. घड्याळाने तुझं वय घेतलं, 220 मधून 38 वजा केले आणि तुझा कमाल पल्स 182 धरला. मग त्याचे टक्के पाडून झोन केले, झोन 2 आला 109 ते 127, झोन 3 127 ते 146, झोन 4 146 ते 164, त्याच्यावर झोन 5. तुझे आरामाचे रन आहेत 146 ते 150 मध्ये. म्हणजे घड्याळाच्या लेखी तू रोज झोन 4 मध्ये. आणि त्याच रनच्या खाली तू लिहितेस "मस्त वाटलं, सोबतच्या ताईंशी गप्पा मारत पळाले". झोन 4 मध्ये कोणाला गप्पा मारता येत नाहीत, दोन-चार शब्दांवर माणूस अडखळतो. आकडा एक म्हणतोय आणि श्वास दुसरं म्हणतोय, अशा वेळी मी श्वासाचं ऐकते.

220 वजा वय हा ढोबळ अंदाज आहे, लोकांचा खरा कमाल पल्स त्याच्या दहा-बारा इकडे किंवा तिकडे असणं अगदी साधी गोष्ट आहे. काही जण म्हणतात मग दुसरं सूत्र वापरा, 208 वजा वयाच्या 0.7 पट, ते 2001 साली आलेलं. तुझ्यासाठी करून बघितलं तर 181 येतं, म्हणजे फरक एका ठोक्याचा. सूत्र बदलून उपयोग नाही कारण सूत्र हे त्या वयाच्या सगळ्यांची सरासरी सांगतं, तुझं स्वतःचं सांगत नाही. तुझं स्वतःचं आपल्याकडे आहे. तिसऱ्या आठवड्यात अंजनेरीच्या चढावर माझा छातीचा पट्टा लावून तुला चार वेळा तीन-तीन मिनिटं वर पळवलं होतं, आधी वीस मिनिटं वॉर्मअप करून, आणि चौथ्या वेळी शेवटचं मिनिट पूर्ण ताकदीने. तिथे 194 आला. घड्याळाच्या अंदाजापेक्षा 12 जास्त. खरा कमाल कदाचित अजून एक-दोन वर असेल, तेवढ्याने काही बिघडत नाही. (ज्या कोणाला तू हे दाखवशील तिला एवढं सांग की अशी चाचणी डॉक्टरांकडून तपासून घेतल्याशिवाय, एकटीने, करायची नाही. तुझा ईसीजी आणि बीपी आपण आधी बघितलं होतं म्हणून केली.)

मग नीट गणित असं. कमाल 194, विश्रांतीचा 66, मधली जागा 128. झोन 2 म्हणजे या मधल्या जागेचा 60 ते 70 टक्के आणि त्यात 66 परत मिळवायचे. 128 चा 60 टक्के 77, अधिक 66, झाले 143. 70 टक्के 90, अधिक 66, झाले 156. तर तुझा झोन 2 आहे 143 ते 156, आणि तू 146 ते 150 ला पळतेयस. म्हणजे बरोबर जिथे असायला पाहिजे तिथेच आहेस, चालायची काही गरज नाही. घड्याळात कमाल पल्स 194 टाक आणि झोन कशावरून काढायचे तिथे %HRR, म्हणजे याच मधल्या जागेचे टक्के, असा पर्याय असेल तो निवड, आपोआप बदलायचा पर्याय असेल तर बंद कर नाहीतर ते परत 182 वर जाऊन बसेल. पुढे विश्रांतीचा पल्स 3 ने कमी झाला तर झोन 2 ची खालची रेघ जेमतेम 1 ने सरकते, म्हणून हे दर आठवड्याला बदलत बसायचं नाही, तीन महिन्यांनी बघू.

पण गणित 156 पर्यंत मुभा देतंय म्हणून रोज 155 ला पळायचं असं नाही. या पद्धतीने काढलेला झोन नवीन पळणाऱ्यांना वरच्या टोकाला थोडा जड पडतो, मी हे बऱ्याच जणींमध्ये बघितलंय. तुझ्यासाठी सध्या वरची मर्यादा 150 ठेवू. आणि पडताळा म्हणून पळता पळता घरचा आख्खा पत्ता पिनकोडसकट मोठ्याने म्हणायचा. एका दमात सहज झाला तर ठीक, मध्ये श्वास घ्यायला थांबावं लागलं तर घड्याळ काहीही म्हणो, वेग कमी कर.

आता दोन रन आहेत ज्यांच्याबद्दल वेगळं सांगायचंय, कारण एकात घड्याळ खोटं बोलतंय आणि दुसऱ्यात तू स्वतःला फसवतेयस.

पहिला म्हणजे दुसऱ्या आठवड्यातला मंगळवारचा गंगापूर रोडवरचा. घड्याळ म्हणतं 31 मिनिटं झोन 5. तो आलेख उघड आणि त्याच्यावर पावलांच्या गतीचा आलेख ठेव. तिसऱ्या मिनिटाला पल्स 128 वरून थेट 167 वर उडी मारतो आणि मग शेवटपर्यंत 166-168 अशी सरळ रेघ, आणि पावलं मिनिटाला 166-168. दोन्ही रेघा एकावर एक बसतात. जेहान सर्कलला सिग्नलला थांबलीस तिथे काही सेकंदात 167 वरून 118, परत पळायला लागलीस की परत 167. खरा पल्स असा चढतही नाही आणि पडतही नाही, तो उतरताना मिनिटभर तरी घेतो. घड्याळाचा हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची हालचाल बघत असतो, थंडीत हाताच्या रक्तवाहिन्या आकसल्या की त्याला रक्ताचा ठोका नीट दिसत नाही आणि मग हाताच्या हिसक्यालाच तो ठोका समजतो. नाशिकच्या जानेवारीत सकाळी सहाला, त्यात तू त्या दिवशी "फार गारठा" असं लिहिलंयस, हे होणारच. तो रन झोनच्या हिशोबातून पूर्ण काढून टाक. पुढे अशा दिवसांत घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांध, बाही त्याच्यावर ओढ, आणि निघायच्या आधी घरातच पाच मिनिटं हात-पाय हलवून गरम हो. तरी झालं तर छातीचा पट्टा घेऊ, तो हृदयाचे विद्युत ठोके पकडतो, त्याला थंडीने असा फरक पडत नाही, फक्त आतली पट्टी ओली करून लावायला लागते.

दुसरा म्हणजे गुरुवारचा गोल्फ क्लबच्या ट्रॅकवरचा ग्रुप रन, चारही आठवड्यांचा. इथे पल्स 158 ते 164, आणि हा आकडा खरा आहे, आलेख हळूहळू चढतो आणि पावलांशी जुळत नाही. नवीन हिशोबाने सुद्धा हा झोन 3 आहे, 156 च्या वर. प्लॅनमध्ये गुरुवार "आराम 40 मिनिटं" आहे. ग्रुपमधल्या दोघी तुझ्यापेक्षा वेगात आहेत आणि तू त्यांच्या बाजूने पळतेस, मागे राहायला नको म्हणून. त्याने होतं असं की रन इतका जोरात नाही की चढाच्या रनसारखा फायदा देईल आणि इतका हलका नाही की दुसऱ्या दिवशी पाय ताजे असतील. शुक्रवारी तुझ्या नोंदीत तीन वेळा "पाय जड" आहे, आणि ते फक्त शुक्रवारीच आहे. त्यांना सरळ सांग की मी आज हळू आहे, पहिली दहा मिनिटं सोबत करा आणि पुढे जा. नाही जमलं तर गुरुवारी गोदापार्कला एकटी जा. चार आठवड्यांत मला तुझ्याकडून प्रत्यक्ष बदल हवाय तो एवढाच एक.

आता फिटनेस कुठे दिसते ते. रविवारचा लांब रन. पहिल्या आणि चौथ्या रविवारी तू तोच रस्ता, सोमेश्वरच्या पुढे जाऊन परत, 9 किलोमीटर, निघायची वेळ सव्वासहा, वेग किलोमीटरला 7 मिनिटं 40 सेकंद, दोन्ही वेळा जवळपास सारखाच. रनचे दोन अर्धे भाग कर. पहिल्या रविवारी पहिल्या अर्ध्यात सरासरी 144, दुसऱ्या अर्ध्यात 155. वेग तोच, पण पल्स 11 ने वर, म्हणजे साडेसात टक्क्यांच्या आसपास. चौथ्या रविवारी पहिल्या अर्ध्यात 144 आणि दुसऱ्यात 150. सहाने वर, चार टक्क्यांच्या थोडं पुढे.

हे का होतं तर पळताना घाम जातो, रक्तातलं पाणी कमी होतं, शिवाय अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळवावं लागतं, मग प्रत्येक ठोक्याला हृदयातून थोडं कमी रक्त बाहेर पडतं आणि तेवढाच पुरवठा करायला ठोके वाढवावे लागतात. नियमित पळायला लागल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच शरीर रक्तातला द्रव भाग वाढवतं, त्यामुळे हा चढ कमी होतो. विश्रांतीचा पल्स खाली यायला बरेचदा त्यापेक्षा जास्त वेळ लागतो, दोन-तीन महिने सहज. आणि चौथा रविवार कुठे येतोय बघ, चक्राच्या दुसऱ्या अर्ध्यात, जिथे शरीर बरेचदा आधीच थोडं गरम असतं आणि हा चढ उलट जास्त दिसू शकला असता, वर आदल्या दिवशी 74 होता. तरीही कमी आला. म्हणून मी एवढं ठामपणे म्हणतेय की सुधारणा खरी आहे. मी साधारण 5 टक्क्यांची रेघ धरते, त्याच्या आत आला की ते अंतर आणि तो वेग शरीराला पचलाय असं समजते. तू आलीस आत. म्हणून पुढच्या महिन्यात रविवार 9 वरून 10 आणि मग 11, वेग तोच, आणि 11 ला परत हा हिशोब करू. फक्त हे लक्षात ठेव की तुलना करायची तर वेळ, रस्ता आणि हवा सारखी पाहिजे. फेब्रुवारीच्या शेवटी नाशिकचं ऊन चढायला लागतं, तेव्हा आठ वाजता निघालीस तर चढ दहा टक्क्यांचा दिसेल आणि त्याचा फिटनेसशी संबंध नसेल.

एक गोष्ट राहिली, आणि ही गंभीरपणे घे. तू लिहिलंयस की मागच्या पाळीत पहिले दोन दिवस रक्तस्राव बराच होता आणि जिना चढताना दम लागला. एकदा लिहिलंयस, पण लिहिलंयस. हिमोग्लोबिन कमी असेल तर प्रत्येक ठोक्यातून ऑक्सिजन कमी पोचतो आणि विश्रांतीचा पल्स आणि पळतानाचा पल्स दोन्ही वर राहतात, मग झोन कितीही बरोबर लावले तरी पाय जडच वाटणार. तुझ्या आलेखात तसं ठळक काही दिसत नाही, पण सीबीसी, फेरिटिन आणि टीएसएच एवढ्या तीन तपासण्या या आठवड्यात करून तुझ्या डॉक्टरांना दाखव, फेरिटिन मुद्दाम सांगून घे कारण हिमोग्लोबिन ठीक असून सुद्धा लोहाचा साठा रिकामा असू शकतो. गोळ्या मनाने सुरू करू नको. आणि विश्रांतीत पल्स 100 च्या वर राहायला लागला, छातीत धडधड झाली, चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर मला मेसेज करत बसू नको, पळणं थांबवून सरळ डॉक्टरांकडे जा.

आज सकाळचा तुझा आकडा 64 आहे, मागच्या पाळीच्या पहिल्या दिवशी 67 होता. एका दिवसावरून मी काही बोलणार नाही. रविवारपर्यंतचे सात आकडे येऊ दे, त्यांची सरासरी त्या 66 शेजारी ठेवू. तोपर्यंत सेटिंग बदल, मंगळवार 35 मिनिटं 150 च्या आत, गुरुवार 40 मिनिटं तसंच, शनिवारी सुट्टी, रविवार 10. छातीचा पट्टा मी गुरुवारी गोल्फ क्लबला घेऊन येते, सहाला ये, तुझ्यासोबत पहिले दोन राउंड मी पळते म्हणजे वेग किती ठेवायचा ते तुला कळेल.